धागा: बायकोला दुसरं हवंय, मला पुरे वाटतंय. मधला रस्ता असतो का?

खाडीकाठचा
बरीच वर्षं इथे फक्त वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. कासारवडवलीला राहतो. मी ३९, बायको ३६, लेक साडेपाच वर्षांची, यंदा पहिलीत गेली. आई आमच्याकडेच असते, ७१ वर्षांची. तिचे गुडघे गेलेत, पण डोकं आमच्या दोघांपेक्षा तल्लख.

गेलं वर्षभर बायको म्हणतेय, अजून एक हवं. आधी गमतीत म्हणायची, आता गंभीरपणे. मागच्या आठवड्यात माळा आवरताना लेकीचे लहानपणचे कपडे निघाले. मी म्हटलं, कामवाल्या मावशींच्या नातीला देऊन टाकू. ती काही बोलली नाही, गाठोडं उचलून परत माळ्यावर ठेवलं. त्या दिवसापासून आमच्यात फक्त 'दूध आणलंस का' एवढंच बोलणं होतंय.

माझी बाजू सरळ आहे. टू बीएचके आहे, त्यात आईची खोली. कर्जाची १३ वर्षं बाकी. मला ऐरोली, तिला विक्रोळी. घोडबंदर रोडचं तुम्हाला नव्याने काय सांगायचं. लेक आता स्वतः आंघोळ करते, रात्रभर झोपते. मला वाटतं आमचं घर भरलंय. तिला वाटतं एक खुर्ची रिकामी आहे. पहिल्या वेळी थोडा त्रास झाला होता, पण तो आता मुद्दा नाही.

अर्धं मूल तर होत नाही. मग अशा वेळी लोक काय करतात?

बटाटेवडा
पहिला! (दुसऱ्याचं तुम्ही बघा.)

गुळपोळी
सासूबाई मागे लागल्या असतील तर त्यांना नवऱ्यानेच सांगायचं असतं, सुनेला पुढे करू नये. आमच्याकडे माझ्या नवऱ्याने एकदाच स्पष्ट सांगितलं, विषय संपला.

खाडीकाठचा
गुळपोळीताई, आई या भानगडीत अजिबात नाही. ती म्हणते, 'तुम्ही दोघं भांडा, मी नातीला घेऊन देवळात जाते.' हवंय ते बायकोला.

पारसिक_बोगदा
मुलगी आहे म्हणून मुलगा हवाय का? प्रश्न कडू आहे, पण विचारायलाच हवा.

खाडीकाठचा
नाही. विचारलात ते बरं केलंत. दुसरीही मुलगीच झाली तर नाव काय ठेवायचं, हेसुद्धा तिचं ठरलंय.

नेरुळकर
एवढं अवघड नाही हो. वहिनींची एएमएच टेस्ट करून घ्या, साधी रक्ताची तपासणी असते. आकडा चांगला आला तर तीन-चार वर्षं हातात आहेत, निवांत विचार करा. कमी आला तर आत्ताच काय ते ठरवा. आम्ही असंच केलं.

दुसरी गोष्ट, वहिनींची नोकरी असेल तर एक लक्षात ठेवा, दुसऱ्या बाळाला पगारी रजा फक्त १२ आठवडे मिळते.

मीरा_ऐरोली
नेरुळकर, रजेचं चुकलं तुमचं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन्ही मुलांना २६ आठवडे. १२ आठवडे तिसऱ्यापासून. मी दुसऱ्या वेळी पूर्ण घेतली. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोयही द्यावी लागते. आमच्या हापिसातलं 'पाळणाघर' म्हणजे जुन्या स्टेशनरीच्या खोलीत दोन गाद्या आणि एक फुगा होता, ती गोष्ट वेगळी.

धागाकर्त्यासाठी: आमच्याकडे उलटं होतं. मला नको होतं, नवऱ्याला हवं होतं. शेवटी मी हो म्हटलं. धाकटा आता चार वर्षांचा, त्याच्याशिवाय घर कल्पनेतही येत नाही. पण पहिली दोन वर्षं प्रत्येक जागरणाला माझ्या मनात यायचं, 'हे तुला हवं होतं ना?' कधीकधी तोंडातून निघायचंही. मुलगा आवडणं आणि नवऱ्यावरचा राग, दोन्ही एकाच वेळी घरात नांदत होतं. मूल झाल्यावर सगळं आपोआप विरघळतं असं कोणी सांगितलं तर फार विश्वास ठेवू नका.

वाशीचा_वासू
साधा उपाय. वहिनींना सांगा, गोळी घ्यायची विसरा. झाल्यावर बाप लोक बरोबर वितळतात. स्वानुभव. 😄

मीरा_ऐरोली
वासू, हे विनोद म्हणूनही नको. फसवून झालेल्या मुलाचा बाप वितळला तरी बायकोवरचा विश्वास परत येत नाही. माझ्या मैत्रिणीचं घर याच्यावरून मोडलं.

पारसिक_बोगदा
+१. आणि नवऱ्याने गुपचूप जाऊन नसबंदी करून घेतली तर हाच वासू इथे बायकोच्या बाजूने धागा काढेल.

वाशीचा_वासू
बरं बाबा, मागे घेतो. आमच्याकडे दोघांनी मिळून विसरली होती, एवढं स्पष्टीकरण द्यावंसं वाटतं.

एकुलती_एक
मी स्वतः एकुलती आहे. लहानपणी कधी काही कमी वाटलं नाही. खरं सांगायचं तर भावंडं असलेल्या मैत्रिणींच्या घरची मारामारी बघून सुटल्यासारखं वाटायचं. पण गेल्या वर्षी बाबा आजारी पडले. डोंबिवलीहून ठाण्याच्या दवाखान्यात मी एकटी बावीस दिवस जात-येत होते. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना शेजारी विचारायला कोणी नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

बटाटेवडा
आम्ही तिघं भाऊ. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी सही करायला तिघेही हजर होतो. एकाचं मत करा, एकाचं नको, आणि थोरला पार्किंग शोधतोय. डॉक्टर शेवटी आईला म्हणाले, तुम्हीच करा.

एकुलती_एक
😂 हे आमच्याकडेही पोचवायला हवं.

नेरुळकर
भावंडांचं सोडा, माझे दोन काका कळव्याच्या एका फ्लॅटवरून अकरा वर्षं बोलत नाहीत. एकमेकांच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या वेळासुद्धा वाटून घेतल्यात. त्यात पुनर्विकास आला, म्हणजे आता सह्या...

(इथे पुनर्विकास, एफएसआय आणि कळव्याच्या फ्लॅटवर तेवीस प्रतिसाद झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. मूळ विषयावर या. – संपादक)

सुईणआजी
मी नावालाच सुईण आहे. ३४ वर्षं प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे आणि उपवनला सकाळी चालते. दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली नेरुळकरांसाठी. एएमएचने एवढंच कळतं की अंडाशयात साठा साधारण किती उरलाय. आयव्हीएफ करताना इंजेक्शनांचा अंदाज बांधायला त्याचा उपयोग होतो. नैसर्गिकरीत्या पुढच्या वर्षी दिवस राहतील की नाही, हे तो आकडा सांगत नाही. आकडा कमी असून सहज गर्भ राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. आकडा उत्तम असल्याच्या भरवशावर चाळिशीपर्यंत थांबून पस्तावलेल्याही पाहिल्यात. बीजाची प्रत वयावर ठरते आणि ती त्या तपासणीत दिसत नाही.

दुसरी खाडीकाठच्यासाठी. तुम्ही घर, कर्ज, रस्ता यांवर परिच्छेद लिहिलात आणि 'पहिल्या वेळी थोडा त्रास' एका ओळीत उरकलात. वर हा मुद्दा नाही म्हणून सांगितलंत. नवरे जे एका ओळीत उरकतात तिथेच पेशंटची खरी हकिगत असते, हे मला ओपीडीने शिकवलं. थोडा म्हणजे काय झालं होतं?

खाडीकाठचा
आजी, दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं. आज देतो.

तेहतिसावा आठवडा चालू होता. रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, छातीच्या खाली, बरगडीजवळ दुखतंय. मी अॅसिडिटीचं गुलाबी औषध दिलं, दोन चमचे, आणि म्हटलं झोप. साडेबाराला उठून म्हणाली, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे चमकतंय. मी म्हटलं, दिवसभर स्क्रीनसमोर असतेस. दीडच्या सुमारास तिला फिट आली.

घोडबंदरला रात्री अवजड गाड्या सोडतात, कंटेनरची रांग लागलेली. शेजारच्यांनी गाडी चालवली, मी मागे तिचं डोकं धरून बसलो होतो. दवाखान्यात बीपी १८०/११० होतं. तातडीने सिझेरियन. मी तीन कागदांवर सह्या केल्या, त्यातल्या एकावर काय लिहिलं होतं ते आजही पाठ आहे. लेक १ किलो ६५० ग्रॅमची, एकोणीस दिवस काचेत. बायको दोन दिवस आयसीयूत.

तिथल्या एका तरुण डॉक्टरने जाता जाता म्हटलं, 'तासभर आधी आणलं असतं तर फिट कदाचित टळली असती.' तो चांगला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही.

आता दोघीही ठणठणीत आहेत. म्हणून म्हटलं मुद्दा नाही.

बटाटेवडा
भावा. आधीचे विनोद माफ कर.

सुईणआजी
बाळा (३९ म्हणजे मला बाळच), आधी त्या औषधाचं सांगते. हा प्रीएक्लॅम्प्सिया, गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार. त्यात यकृतावर ताण येतो आणि बरोबर बरगडीखाली दुखतं. बघणाऱ्याला ते हुबेहूब अॅसिडिटी वाटतं. नवरेच काय, नवखे डॉक्टरही फसतात. दिवस भरत आलेल्या बाईला तिथे दुखलं की अॅसिडिटी ठरवायच्या आधी बीपी मोजायचं, हे तुला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. तपासणीच्या फेऱ्यांमध्ये ते सांगितलं गेलं नाही, ही तुझी चूक नव्हे. आधी आणलं असतं तर मॅग्नेशियमचं इंजेक्शन फिट येण्यापूर्वी देता आलं असतं, हे खरं आहे. पण प्रसूती लवकर करावीच लागली असती. वार काढल्याशिवाय हा आजार उतरणीला लागत नाही.

आता दुसऱ्या वेळचं. ज्यांची प्रसूती याच कारणाने २८ ते ३४ आठवड्यांमध्ये करावी लागली, त्यांच्यापैकी साधारण तिघींमध्ये एकीला पुन्हा प्रीएक्लॅम्प्सिया होतो. दोघींना होत नाही. पुन्हा झाला तरी बहुतेक वेळा तो उशिरा येतो आणि सौम्य असतो. बहुतेक म्हणाले, नेहमी नाही. तेहतीसमध्ये एक हे कमी नाही, मी गोड करून सांगणार नाही.

नेरुळकर
आजी, तिघींत एक ना? तेहतीसमध्ये एक म्हणजे तीनच टक्के होतील.

सुईणआजी
शाबास. तिघींत एक, म्हणजे शंभरात तेहतीस. बोटं म्हातारी झाली. एएमएचची भरपाई झाली तुमची.

पुढचं सांगते. पहिल्या वेळी हा आजार अचानक आला. दुसऱ्या वेळी आपण त्याच्या वाटेवर बसलेले असतो. बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री अॅस्पिरिनची लहान गोळी देतात, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात १५० मिलिग्रॅमच्या गोळीने मुदतीआधी प्रसूती करायला लावणारा प्रकार निम्म्याहून जास्त कमी झाला. किती डोस, कोणाला द्यायची, कोणाला नाही, ते डॉक्टर ठरवतील. घरच्या घरी सुरू करायची नाही. आणि गोळी घेऊनही काहींना होतोच.

दिवस राहायच्या आधी एकदा जाऊन बोला. हो म्हणायला नव्हे, माहिती घ्यायला. जुनी फाइल न्या. बीपी, लघवीतलं प्रथिन, मूत्रपिंडाची तपासणी होईल. इतक्या लवकर आणि इतका तीव्र झाला म्हणून रक्त गोठण्याशी संबंधित अँटिबॉडीज बघायच्या का, ते विचारा. त्यात काही सापडलं तर उपचार बदलतात.

आणि एक गोष्ट दुसरं मूल होवो न होवो, लागू आहे. ज्या बाईला हे झालं तिला पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सूनबाईंचं बीपी शेवटचं कधी मोजलं?

खाडीकाठचा
आठवत नाही. बहुतेक लेक वर्षाची होती तेव्हा.

वाशीचा_वासू
मी आत्ता हिचं मोजायला निघालो. आमच्याकडेही दुसऱ्या वेळी बीपी वाढलं होतं, प्रसूतीनंतर आम्ही विसरूनच गेलो.

निमित्तमात्र
मी नवरा-बायकोंच्या समुपदेशनाचं काम करते. सहसा इथे कामाचं बोलत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

या भांडणात माझ्याकडे आलेली बहुतेक जोडपी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि प्रश्न एकच आहे असं धरून चालतात. खाडीकाठचा, तुम्हाला मूल नकोय की गरोदरपण नकोय? मनात करून बघा: उद्या कोणी निरोगी सहा महिन्यांचं बाळ आणून मांडीत दिलं तर तुमचं 'घर भरलंय' तसंच राहतं का? राहिलं तर ते तुमचं खरं उत्तर, त्याचा मान ठेवायला हवा. डळमळलं तर तुम्ही कर्जाच्या नावाने त्या रात्रीबद्दल बोलत होतात.

पत्नीसाठीही असाच प्रश्न आहे. त्यांना दुसरं मूल हवंय, की पहिल्या वेळी जे हातातून निसटलं ते हवंय? यातलं एकही चूक नाही. पण जे निसटलं त्यासाठी मूल जन्माला घातलं आणि तेही काचेत गेलं तर काय, हे आधी बोललेलं बरं.

बोलायचं कसं, तर आम्ही एक साधी पद्धत सांगतो. एका संध्याकाळी एकाने वीस मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने फक्त ऐकायचं. उत्तर नाही, 'पण' नाही. शेवटी जे ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, 'असंच म्हणालीस ना?' बस. त्या दिवशी विषय बंद. दोन दिवसांनी उलट बाजू. पलंगावर नको, लेकीसमोर नको. निर्णय या दोन्ही दिवशी घ्यायचा नाही. बरीच जोडपी इथेच घसरतात. पहिल्याच वीस मिनिटांत डोळ्यांत पाणी येतं आणि घाईने हो किंवा नाही ठरवून मोकळी होतात.

पारसिक_बोगदा
आणि इतकं करूनही एकाचं हो, दुसऱ्याचं नाही राहिलं तर?

निमित्तमात्र
राहतं. कधीकधी राहतंच. मी कुणाला मनाविरुद्ध मूल जन्माला घाला असं सांगत नाही. पण मग 'नाही' जिंकलं असं धरून चालत नाही. ज्याला हवं होतं त्याचं काहीतरी गेलेलं असतं, फक्त ते जगाला दिसत नाही, म्हणून भेटायला कोणी येत नाही.

जुना_ठाणेकर
मी ५३. आमचं एकच, मुलगा, आता नोकरीला. बायकोला दुसरं हवं होतं, मी नाही म्हटलं. कारणं पैशांची होती आणि खरीही होती. ती दोनदा बोलली, मग थांबली. मी समजलो पटलं.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो. तिथून ती मध्येच उठून बाहेर गेली. मी मागे गेलो तर जिन्यात बसलेली. म्हणाली, 'तू नाही म्हणालास त्याचं नाही रे. तू त्या रात्री सुटलो म्हणून मॅच लावलीस, त्याचं आहे.' मला ती मॅचही आठवत नाही.

निर्णय चुकला होता असं अजूनही वाटत नाही मला. मॅच लावायला नको होती.

एकुलती_एक
काका 🙏

गुळपोळी
दत्तक का घेत नाही? गरोदरपणाचा धोकाच नाही. माझ्या चुलत नणंदेने घेतलं, गोड मुलगी आहे.

मीरा_ऐरोली
माझ्या भावाने घेतलंय, म्हणून सांगते. मार्ग चांगला आहे, पण 'गरोदरपणाऐवजी' म्हणून घ्यायचा नसतो. सगळं दत्तकाचं काम बघणाऱ्या 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून होतं, घरी येऊन गृहभेटीचा अहवाल होतो, आणि जोडप्यात दोघांचीही संमती लागते. एकाचा कल आणि दुसऱ्याचं 'बरं, घे' तिथे आलेल्या बाईंच्या लगेच लक्षात येतं. भावाला यादीत साडेतीन वर्षं थांबावं लागलं. अगदी लहान बाळासाठी दोघांच्या वयाच्या बेरजेलाही मर्यादा आहे.

खाडीकाठचा
सहा दिवसांनी येतोय.

निमित्तमात्र यांचा मांडीतल्या बाळाचा प्रश्न मी लोकलमध्ये, ऐरोली ते ठाणे, स्वतःला विचारला. दिघ्यापर्यंत 'नको' होतं. ठाण्याला उतरताना नक्की सांगता आलं नाही. म्हणजे घर अगदी काठोकाठ भरलेलं नाही, एवढं मान्य.

आईने लेकीला देवळात नेलं. आम्ही उपवनला गाडी लावून गाडीतच बसलो. पहिल्यांदा मी बोललो. वीस मिनिटं लागली नाहीत, गुलाबी औषधाच्या बाटलीपर्यंत यायला सातच लागली. तो डॉक्टर जे म्हणाला तेही सांगितलं. ती नियमाप्रमाणे गप्प होती. मग म्हणाली, 'मी ऐकलं ते असं, की तुला वाटतं तू मला मारत होतास.' शब्दांत बसवल्यावर ते इतकं विचित्र वाटलं की मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही.

दोन दिवसांनी बोलायची वेळ तिची. फिट आली त्या दिवशी तिचं डोकं दुपारपासूनच दुखत होतं. हापिसात मोठी मीटिंग होती, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावरही नाही. तिला साडेपाच वर्षं वाटतंय की मी त्याबद्दल तिच्यावर मनातून चिडलोय, म्हणून मी दुसऱ्याला नाही म्हणतो.

आणि निमित्तमात्र, तुमचा दुसरा प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला. बराच वेळ गेला. म्हणाली, लेकीला चौथ्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेही काचेतून. त्याआधी माझ्या फोनमधला फोटो. 'मला एकदा बाळ बाहेर आल्या आल्या अंगावर हवंय. तेवढ्यासाठी मूल मागणं बरोबर आहे का मला माहीत नाही. पण तेवढंच नाहीये ते. घरात अजून एक माणूस हवंय हेही खरं आहे.' दत्तकाचं मी काढलं. तिला नको आहे, निदान आत्ता. मला ते जास्त सोपं वाटत होतं. म्हणजे बघा, आम्ही दोघं किती वेगळ्या गोष्टींवर भांडत होतो.

निर्णय झालेला नाही. मला अजून भीती वाटते आणि तिघींत एक हा आकडा तिलाही कळलाय. ती वाचून म्हणाली, 'दोघी उरतात की.' मी म्हटलं, मला एकच दिसते. दिवाळीपर्यंत हा विषय आपणहून काढायचा नाही असं ठरलंय, फक्त डॉक्टरांकडे एकदा जाऊन यायचं. शनिवारची वेळ मिळाली आहे. फाइल सापडली, पण डिस्चार्जची मधली पानं गायब आहेत.

निमित्तमात्र
दिवाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. न लिहिलेली तारीख पुढे सरकते, आणि ३६ व्या वर्षी ती सरकणं हाही एक निर्णयच असतो. तुमच्या नकळत घेतलेला.

सुईणआजी
पानं दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करून मागा, रेकॉर्ड अजून ठेवलेलं असेल तर प्रत द्यावी लागते. बाळाची वेगळी फाइल असेल, तीही घ्या. जन्माचं वजन आणि आठवडे त्यात नेमके असतात. डॉक्टरांकडे आधी सूनबाईंना बोलू दे. तुझ्या भीतीचंही सांग, ती फाइलीत नसते.

खाडीकाठचा
बीपीचं मशीन आणलं. काल रात्री तिचं १३४/८६ आलं. हे जास्त आहे का?

सुईणआजी
काठावर आहे. एका आकड्यावर काही ठरवू नका. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, न बोलता. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, शनिवारपर्यंत. आधी अर्धा तास चहा नाही. सगळं वहीत लिहा आणि वही न्या. गरोदरपणाचा विचार असो नसो, हे बघायला हवंच.

वाशीचा_वासू
आमच्या हिचं १२०/७८. माझं १५२/९६. वा.

सुईणआजी
वासू, तुम्हीही वही घ्या. आणि दाखवून या.

खाडीकाठचा
वही सुरू केली. लेकीने वरती मोठ्या अक्षरांत 'आईचा बीपी' लिहिलंय आणि खाली मांजर काढलंय.

सुईणआजी
मांजर चालेल. तारीख आणि वेळ घालायला सांग.